भरतीच्या त्या पाच तासांत पाणी कुठे थांबणार?

मुंबईत पहिला मोठा पाऊस झाला की वाद दरवर्षी ठरलेल्या वळणाने जातो. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे गुडघाभर पाणी साचतं. विरोधक म्हणतात, नालेसफाई कागदावरच झाली. प्रशासन गाळाची टक्केवारी दाखवतं आणि वर सांगतं की थोड्या वेळात विक्रमी पाऊस पडला, त्यात भरतीची वेळ होती. मग दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवण्यात आठवडा घालवतात आणि पाऊस ओसरला की विषयही ओसरतो. मला हा वाद चुकीच्या प्रश्नावर चाललेला वाटतो. नाले शंभर टक्के साफ केले, एकही कंत्राटदार चोर निघाला नाही, तरी या शहराच्या बऱ्याच भागांत पाणी तुंबेल. कारण मुंबईच्या पाण्याची मुख्य अडचण नाल्याच्या पोटात नसून नाल्याच्या तोंडाशी आहे. दिवसातले काही तास समुद्र त्या तोंडापेक्षा उंच असतो. त्या तासांत पडलेलं पाणी थांबणार कुठे, हा प्रश्न शहराने नीट विचारलेलाच नाही. जोवर तो विचारला जात नाही तोवर उत्तर ठरलेलं आहे: ते रस्त्यावर आणि तळमजल्यावरच्या घरांत थांबणार.

आकडे फार लागत नाहीत, पण एक जोडी लक्षात ठेवावी अशी आहे. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या समुद्राला किंवा खाडीला जिथे मिळतात त्या जागांना महापालिकेच्या भाषेत पातमुखं म्हणतात. अशी 186 पातमुखं नोंदलेली आहेत. त्यांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, 135 सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, आणि भरतीतही उघडी राहतील अशी फक्त 6 आहेत. म्हणजे मोठ्या भरतीला जवळजवळ सगळ्या शहराचं पावसाचं पाणी कोंडलं जातं. बातम्यांत येणारा ‘4.8 मीटरची भरती’ हा आकडा अनेकांना भलतंच काही सुचवतो. जणू सरासरी समुद्राच्या वर पावणेपाच मीटरची भिंत उभी राहणार आहे. तो आकडा नौकानयनाच्या नकाशांच्या शून्यापासून मोजतात, आणि मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे 4.8 मीटरच्या भरतीला समुद्र सरासरीपेक्षा साधारण सव्वादोन-अडीच मीटर चढतो. तेवढं पुरे आहे. बेटावरचे सखल भाग त्याच पट्ट्यात आहेत.

आता हे किती वेळ टिकतं ते पाहू, कारण माझ्या मते सगळा वाद इथे सुटतो. मुंबईत दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. एक उधाणाचा दिवस घेऊ: भरती 4.8 मीटर, ओहोटी 1 मीटर. एखाद्या नाल्याचं पाणी समुद्राची पातळी 3.5 मीटरच्या वर गेली की बाहेर पडायचं थांबतं असं धरू. पाणी घड्याळाच्या काट्यासारखं एकाच गतीने चढत नाही. मध्यावर झपाट्याने चढतं आणि टोकाला रेंगाळतं. ते धरून हिशोब केला तर भरतीच्या क्षणाआधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, असे मिळून जवळपास पाच तास ते तोंड बंद राहतं. भांगाच्या दिवशी हीच पातळी कदाचित गाठलीही जाणार नाही. म्हणजे ‘भरतीमुळे पाणी तुंबलं’ हे विधान एखाद्या दिवशी पूर्ण खरं असतं आणि दुसऱ्या दिवशी निव्वळ सबब. कोणत्या दिवशी काय, हे वर्षभर आधी छापलेल्या भरतीच्या तक्त्यावरून कळतं. पाऊस किती पडेल हे आदल्या दिवशीही नीट सांगता येत नाही, पण समुद्र कधी दार लावणार ते मिनिटागणिक माहीत असतं. जी गोष्ट वर्षभर आधी ठाऊक आहे तिला आपत्ती म्हणायचं का?

नालेसफाईवाल्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. गाळाने अर्धा भरलेला नाला अर्धंही पाणी नेत नाही, कारण खालचा भाग अडला की उरलेल्या पाण्याला कडांचं घर्षण जास्त होतं. जाळीवर प्लास्टिक साचलं की खाली नाला रिकामा असला तरी रस्ता भरतो. आणि भ्रष्टाचाराचा संशय हवेतला नाही: 2015 साली नालेसफाईतला घोटाळा उघड झाला, गाळ वाहणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांच्या नोंदी खोट्या निघाल्या. तेव्हा नागरिकांनी टक्केवारीवर विश्वास ठेवू नये हे योग्यच आहे. पण गाळ येतो कुठून आणि बसतो का, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. पाणी एका सेकंदाला साधारण पाऊण मीटर तरी धावलं तर बारीक वाळू-माती सोबत वाहून जाते; त्याहून मंदावलं की ती तळाशी बसते. वेग हवा तर उतार हवा. तीन किलोमीटर लांब नाल्याला हजारास एक असा माफक उतार द्यायचा म्हटलं तर सुरुवातीपासून तोंडापर्यंत तीन मीटर उतरावं लागतं. ज्या जमिनीची उंचीच भरतीच्या रेषेच्या हातभर वर आहे तिथे हे तीन मीटर आणायचे कुठून? उतार चौपटीने कमी झाला की वेग निम्मा होतो. आणि भरतीला तोंड बंद झालं की वेग शून्यावर येतो, वर खाडीचा चिखल आत शिरतो. म्हणजे मे महिन्यात खरवडलेल्या नाल्यात जूनच्या पहिल्या उधाणापासून पुन्हा गाळ बसू लागतो. गाळ हा या शहराच्या सपाटपणाचा आणि भरतीचा परिणाम आहे. आपण परिणामालाच कारण समजून दरवर्षी त्याचं कंत्राट काढतो.

ही सपाटी नैसर्गिक नाही, आणि इथे इतिहासाकडे वळावंच लागतं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम या सात बेटांच्या मध्ये भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल असायचा. वरळी आणि मुंबई बेटांमधल्या मोठ्या खिंडारातून समुद्र आत घुसायचा आणि पायधुणीपर्यंत पोचायचा. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, 1784च्या सुमारास, ते खिंडार बांध घालून बुजवलं. समुद्राचं येणं बंद झालं, पण आतली जमीन काही त्या दिवशी वर आली नाही. ती खाऱ्या दलदलीच्याच पातळीवर राहिली आणि पुढची शंभरएक वर्षं माती, दगड आणि शहराचा कचरा टाकून थोडी थोडी उचलली गेली. भायखळा, कामाठीपुरा, ताडदेवच्या बाजूची सखल पट्टी अशी घडली. भराव घालताना कसोटी एकच होती: पाय कोरडे राहिले पाहिजेत, घर बांधता आलं पाहिजे. पावसाचं पाणी या जमिनीवरून समुद्राकडे स्वतःच्या उताराने जाईल का, हे कोणाला महत्त्वाचं वाटलं नाही. समुद्राच्या कडेने घातलेले भराव आतल्या जमिनीपेक्षा उंच झाले, आणि मधला भाग खोलगट राहिला. नाल्यांचं अंतरही वाढलं. पूर्वी जे पाणी जवळच्या खाडीत उतरायचं त्याला आता भरावाखालून लांब जाऊन समुद्र गाठायचा होता. बॅकबे असो की वांद्रे-कुर्ला संकुल, प्रत्येक भरावाने हेच दोन व्यवहार केले: पाण्याची थांबायची जागा काढून घेतली आणि त्याची वाट लांबवली.

हिंदमाता हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे, म्हणून तिथेच थोडं थांबू. डॉ. आंबेडकर मार्गावर दादर आणि परळच्या मध्ये असलेला हा चौक बशीच्या तळासारखा आहे. चारी बाजूंचे रस्ते त्याच्याकडे उतरतात, जवळच केईएम आणि टाटा रुग्णालयं आहेत, आणि पाऊस लागला की रुग्णांना खांद्यावर घेऊन जाणारे नातेवाईक दर वर्षी दिसतात. इथलं पाणी पूर्वेला, रे रोडच्या ब्रिटानिया पातमुखाकडे जातं. बेटावरच्या बहुतेक जुन्या वाहिन्यांप्रमाणे इथली व्यवस्थाही ताशी 25 मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, अशा हिशोबाने केलेली. शिवाय पडलेल्या पाण्यापैकी अर्धंच नाल्यात येईल, अर्धं जमिनीत मुरेल असं धरलेलं. गिरण्यांच्या आवारात, मैदानांत, कच्च्या गल्ल्यांत ते काही प्रमाणात खरंही असेल. आता गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत, त्यांच्या खाली दोन-तीन तळघरं आहेत आणि वर फरशी. मुरायला जागा उरली नाही. म्हणजे पाऊस न वाढताही नाल्यात येणारं पाणी जवळपास दुप्पट झालं, उतार तोच, तोंड तेच.

1985च्या पुरानंतर महापालिकेने अभ्यास करवला आणि 1993 साली पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला. त्याने दोन गोष्टी बरोबर सांगितल्या. ताशी 50 मिलिमीटर पाऊस धरा आणि काहीच मुरत नाही असं समजा. आणि जिथे भरती आड येते तिथे दार लावून पंपाने पाणी बाहेर टाका. अशी आठ उदंचन केंद्रं, म्हणजे पंपघरं, ठरली. पैसे आणि इच्छा दोन्ही 26 जुलै 2005 नंतर आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रं नंतरच्या दशकात उभी राहिली. ब्रिटानिया 2016 साली सुरू झालं तेव्हा हिंदमाताचा प्रश्न सुटला असं जाहीरपणे सांगितलं गेलं. पुढच्याच पावसाळ्यांत हिंदमाता पुन्हा भरलं. का? कारण पंप तोंडाशी होता आणि पाणी बशीत. मधल्या जुन्या वाहिन्यांतून पाणी पंपापर्यंत पोचायलाच इतका वेळ लागत होता की पंपाच्या विहिरीत पाणी कमी आणि चौकात जास्त, अशी स्थिती यायची. सहा हजार लिटर दर सेकंदाला ओढणारा पंप, पण त्याच्यापर्यंत ते सहा हजार लिटर आणणार कोण? मग उड्डाणपूल जोडून मधला रस्ता उंच केला. गाड्या सुटल्या. चौकाभोवतीच्या दुकानांत, चाळींत, रुग्णालयाच्या वाटेवर पाणी होतं तिथेच राहिलं.

शेवटी जे काम थोडं लागू पडलं ते नाल्याचं नव्हतं आणि पंपाचंही नव्हतं. ते थांबण्याच्या जागेचं होतं. परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली भल्यामोठ्या टाक्या बांधल्या. चौकात साचू लागलेलं पाणी उपसून या टाक्यांत ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. 2022 पासून हिंदमाताला पाणी पूर्वीइतकं वर चढेना, चढलं तरी लवकर उतरू लागलं. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही: इतकी वर्षं ज्या प्रश्नाला गाळाचा म्हणत होतो तो थांबण्याच्या जागेने हलला. पण याचीही मर्यादा आकड्यांत बघायला हवी. एक चौरस किलोमीटरवर ताशी 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला पाच कोटी लिटर पाणी. तीन कोटी लिटरची टाकी अशा पावसात पस्तीसेक मिनिटांत भरते. सहा हजार लिटरचा एक पंप तासाला दोन कोटी सोळा लाख लिटर टाकतो, म्हणजे त्या एका चौरस किलोमीटरला सव्वादोनहून अधिक पंप सतत चालवावे लागतात. टाकी पावसाचा पहिला मारा झेलते, पंप उरलेलं टाकतो, वाहिनी दोघांना जोडते. तिघांपैकी एक जरी गेलं तरी बाकीचे दोन निकामी. 26 मे 2025 रोजी पाऊस नेहमीच्या कितीतरी आधी आला आणि हे सिद्ध झालं. टाक्या होत्या, पण चौकातलं पाणी त्यांत उपसण्याची यंत्रणा वेळेत सुरू नव्हती. हिंदमाता भरलं. कंत्राटदाराला दंड झाला, आणि वाद पुन्हा नालेसफाईवर गेला.

‘पाऊसच इतका बदललाय की कोणतंही शहर बुडेल’ हा युक्तिवाद सगळ्यात वजनदार आहे, आणि तो अर्धा खरा आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यासाठी नाले बांधणं शक्य नाही आणि शहाणपणाचंही नाही. 5 ऑगस्ट 2020 ला कुलाब्यात तीनशेहून अधिक मिलिमीटर पडला आणि जिथे कधी पाणी भरत नाही असा गिरगाव-मरीन लाइन्सचा भागही भरला. पण त्याच 2005च्या दिवशी कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर पाऊस होता, हे आपण विसरतो. अपवादात्मक पाऊस अपवादात्मक जागी पडतो. हिंदमाता, किंग्ज सर्कल आणि अंधेरी सबवे मात्र सर्वसाधारण जुलैच्या सरींनीही भरतात. दोन प्रश्न वेगळे आहेत. एकाला उत्तर म्हणजे इशारा, सुटका, वीज बंद करणं, लोकांना घरी थांबायला सांगणं. दुसऱ्याला उत्तर म्हणजे पातळ्यांचा हिशोब. विक्रमी पावसाचं नाव घेऊन रोजच्या पावसाची जबाबदारी टाळता येणार नाही. समुद्र चढतोय, हेही खरं. पण त्याचा अर्थ काय तेही याच हिशोबात बघावं: वर घेतलेल्या उदाहरणात समुद्र फक्त दहा सेंटिमीटर चढला तर बंद राहण्याची वेळ दर भरतीला सुमारे तेरा मिनिटांनी वाढते. म्हणजे थांबण्याची जागा आणखी लागेल. हवामानबदल माझा मुद्दा खोडत नाही, घट्ट करतो.

समुद्राच्या पातळीखाली राहणं ही काही मुंबईने शोधलेली गोष्ट नाही. कोकणातल्या खारजमिनीवर पिढ्यान् पिढ्या भात पिकतं. समुद्राच्या बाजूला बांध, बांधात उघाडी. ओहोटीला आतलं पाणी तिच्यातून बाहेर जातं, भरती चढली की बाहेरच्या दाबाने झडप आपोआप लागते. पण नुसत्या झडपेने भागत नाही हे त्या शेतकऱ्याला माहीत होतं. दार लागलेलं असताना पडणारा पाऊस कुठे जाणार? म्हणून बांधाच्या आत खाडीचा एक फाटा मोकळा ठेवतात. गोव्यातल्या खाजणांत, म्हणजे तिथल्या खारजमिनीत, मानशीच्या म्हणजे अशाच दाराच्या आतल्या बाजूला पाणी साठायला पोंय असतो, तो याचसाठी. तिथे कोणी भराव घालून घर बांधायला निघालं तर सगळं गाव आड येईल, कारण पुढच्या उधाणाला कोणाचं शेत बुडणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. डच लोकांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. पोल्डरमधलं, म्हणजे बांध घालून मिळवलेल्या सखल जमिनीतलं, पाणी उपसून थेट समुद्रात टाकण्याऐवजी मधल्या कालव्यांत नि तळ्यांत साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं. त्यासाठी तेराव्या शतकापासून वेगळी जलमंडळं, त्यांचा वेगळा कर. समुद्राकडून जमीन घेणाऱ्याला पाणी कायम उचलत राहावं लागतं आणि त्याच्या थांबण्याची जागा कायम राखावी लागते, हा व्यवहार त्यांनी लेखी मान्य केला. मुंबईने जमीन घेतली, व्यवहाराचा दुसरा भाग मात्र पाळला नाही.

इथून मी मिठागरांकडे येतो, कारण सध्याच्या वादात हा भाग जवळजवळ अदृश्य आहे. एक हेक्टर मोकळ्या जमिनीवर एक मीटर पाणी थांबलं तर ते एक कोटी लिटर होतं. वर सांगितलेली तीन कोटींची टाकी बांधायला मैदान खोदावं लागतं, काँक्रीट ओतावं लागतं. तीन हेक्टर मिठागर तेच काम आज फुकट करू शकतं. 2024 साली केंद्राने मुंबईतली सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या भाडेघरांसाठी राज्याला द्यायचं ठरवलं. शंभरएक हेक्टर, एक मीटर पाणी धरलं तर शंभर कोटी लिटर. घरांची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. खोलीत आठजण राहणाऱ्या कुटुंबाला पाणी थांबण्याच्या जागेचं महत्त्व समजावणं ही क्रूर गोष्ट आहे. मिठागर म्हणजे जादूची जागा नाही, हेही मान्य करतो: दार नसेल तर भरतीचं पाणीच ते भरून टाकतं आणि पावसाला जागा उरत नाही, आणि कांजूर-मुलुंडचं मिठागर हिंदमाताचं पाणी घेणार नाही. पण भांडुप, कांजूर, मुलुंडचं घेईल. तिथे भराव घालून घरं उभी केली तर पहिली बुडणारी घरं त्याच गरिबांची असतील, किंवा भराव उंच घातला तर त्यांच्या मागच्या वस्त्या. तेव्हा प्रश्न घरं हवीत की मिठागर, असा मांडू नये. प्रत्येक हेक्टर भरावामागे जाणारी कोटी लिटरची जागा दुसरीकडे कुठे, किती खर्चात आणि कोणाच्या पैशाने उभी करणार, ते परवानगीच्या कागदावर लिहायला लावावं.

उंच भरावाचा हा मुद्दा शहराच्या आतही रोज घडतो आहे. जुनी चाळ पाडून नवी इमारत उभी राहते तेव्हा नियमानेच जोतं उंच घ्यावं लागतं, आणि ते योग्यही आहे. शिवाय रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो. परिणाम असा की शेजारची अजून न पाडलेली चाळ दोन बाजूंनी खड्ड्यात जाते. तिथले रहिवासी दाराला दोन-दोन फुटांचे काँक्रीटचे उंबरे घालतात, मोरीच्या भोकात बोळे कोंबतात. पाणी मग पुढच्या, त्याहून सखल घरात जातं. नव्या इमारतीने आपल्या आवारातलं पाणी पावसाच्या ऐन तासात स्वतःजवळ ठेवावं आणि ओहोटीला सोडावं, अशी सक्ती करायला तांत्रिक अडचण काय आहे? हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तासाभराचा 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे पन्नास हजार लिटर. गाड्यांसाठी तीन तळघरं खणणाऱ्याला पन्नास हजार लिटरची टाकी जड नाही.

सामान्य माणसाला यातलं काय तपासता येईल? बरंच काही. पाणी तुंबलं की वेळ लिहून ठेवा आणि भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. सर येताच दहा मिनिटांत रस्ता भरला आणि सर थांबताच अर्ध्या तासात उतरला, तर दोष जाळ्यांचा आहे. तिथे सफाईच मागा. ओहोटी असूनही पाणी तासन् तास हलेना, तर मधली वाहिनी अपुरी किंवा तुंबलेली आहे. भरतीच्या आगेमागे चढलं आणि भरती उतरताच आपोआप गेलं, तर पातमुख बंद पडतंय. तिथे कितीही गाळ काढला तरी फरक पडणार नाही, तिथे दार, पंप आणि टाकी लागेल. आणि आकाश कोरडं असताना उधाणाच्या दिवशी गटाराच्या जाळीतून खारं पाणी वर आलं, तर दार मुळात नाही किंवा ते लागतच नाही. या चार गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि आजचा वाद चारांनाही ‘नालेसफाई’ या एका नावाने हाक मारतो. यातला चौथा प्रकार नुसतं दार लावून सुटतो असंही समजू नये. पंपाशिवाय लावलेलं दार समुद्राला बाहेर ठेवतं आणि पावसाला आत कोंडतं.

म्हणून दर मे महिन्यात गाळाच्या टक्केवारीऐवजी महापालिकेकडे वेगळा तक्ता मागायला हवा. प्रत्येक पातमुखाची तळपातळी किती, समुद्र किती मीटरवर गेला की ते बंद पडतं, त्यामागे किती क्षेत्राचं पाणी येतं, आणि ते बंद असताना ताशी 50 मिलिमीटर पावसाचं पाणी किती वेळ कुठे ठेवता येतं. ही माहिती अभियंत्यांजवळ आहे. तिच्याशिवाय उदंचन केंद्रं बांधताच आली नसती. ती प्रभागवार जाहीर झाली तर नगरसेवकाला भाषणाऐवजी आकडा द्यावा लागेल. त्या तक्त्यात दोन ओळी अजून रिकाम्या निघतील. ब्रिमस्टोवॅडमधल्या आठ केंद्रांपैकी माहुल आणि मोगरा ही दोन अजून उभी राहिलेली नाहीत. माहुलला मिठागराची जागा वर्षानुवर्षं मिळत नव्हती, मोगरा जागेच्या वादात अडकलं होतं. माहुलकडे कुर्ला, शीव, वडाळा, चेंबूरचं पाणी जातं, मोगराकडे अंधेरीचं. अंधेरी सबवेसाठी यंदाच्या वादात कोणाला दोष द्यायचा हे ठरवण्याआधी ही दोन केंद्रं कधी सुरू होणार, हे विचारा, आणि तारीख मिळेपर्यंत विचारत राहा.